न आलेल्या चार शुक्रवारांची माफी

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला, महिनाभराच्या आजारपणानंतर मी माझ्या यूट्यूब चॅनेलवर माफीची एक पोस्ट टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चापडगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तीन-चार वर्षांपासून दर शुक्रवारचा व्हिडिओ न चुकता बघणारे. आधी त्यांनी तब्येतीची चौकशी केली, काय खाता-पिता ते विचारलं आणि मग सहज म्हणाले, "भाऊ, तुमचा व्हिडिओ नाही आला, तर मला वाटलं औंदा बोंडअळीचं काही नसेल. असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण काय समजून चाललो, एवढंच ते सांगत होते. पण फोन ठेवल्यावर मी आदल्या दिवशीची पोस्ट पुन्हा वाचली. त्यांना जे समजायला हवं होतं, त्यातलं एक अक्षरही तिच्यात नव्हतं.

ती पोस्ट अशी होती: "नमस्कार मंडळी. गेला महिनाभर प्रकृती अस्वास्थ्यामुळे व्हिडिओ टाकू शकलो नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. आता तब्येत ठणठणीत आहे. राहिलेले सगळे व्हिडिओ लवकरच टाकतो, यापुढे आठवड्यातून दोन येतील. तुमचं प्रेम असंच असू द्या." सोबत सलाईन लावलेल्या हाताचा फोटो. शंभरातल्या नव्वद जणांनी अशीच लिहिली असती. तिच्यात खोटं लिहायचा माझा हेतू नव्हता. तरीही ती चुकली होती. कशी, हे उलगडायला मला बरेच दिवस लागले, म्हणून हा लेख.

माझा चॅनेल शेवगाव परिसरातल्या कपाशीचा आणि रब्बीचा आहे. दर शुक्रवारी दहा-बारा मिनिटांचा एक व्हिडिओ: या आठवड्यात शेतात काय बघायचं आणि काय करायचं. तो करमणुकीचा नसतो, त्याला तारीख चिकटलेली असते. गाण्याचा किंवा प्रवासाचा व्हिडिओ महिन्याने आला तरी त्याची गोडी कमी होत नाही. कपाशीच्या सल्ल्याचं तसं नाही. १२ सप्टेंबरचा व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत मी अंथरुणाला खिळलो. १९ आणि २६ सप्टेंबर, ३ आणि १० ऑक्टोबर असे चार शुक्रवार गेले.

या चार आठवड्यांत कपाशीत काय घडतं ते थोडं सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. सप्टेंबर उतरायला लागला की हिरवी बोंडं भरत असतात आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग त्यांच्यावर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि ज्या छिद्रातून ती शिरली ते छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड टवटवीत दिसतं. आतलं सरकीचं नुकसान कळतं ते बोंड उमलताना, कवडी कापूस हाती येतो तेव्हा. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे. एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग असे सलग तीन दिवस सापडले, की फवारणीचा विचार करायचा. किंवा एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. त्यात दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के झाली, की थांबायचं नाही. अंड्यापासून पुन्हा पतंग होईपर्यंत अळीला साधारण एक महिना लागतो. म्हणजे माझ्या चार शुक्रवारांच्या गैरहजेरीत एक अख्खी पिढी वाढून गेली.

आता त्या चापडगावच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. तीन वर्षं दर सप्टेंबरात एक माणूस सांगतो, "बोंडं फोडून बघा." चौथ्या वर्षी तो सांगत नाही. का सांगत नाही, हे कळायला मार्ग नाही. मग माणूस जो सरळ अर्थ काढेल तोच त्यांनी काढला. नियमित सांगणारा गप्प बसला की त्याची शांतता हाच एक निरोप होतो, आणि तो निरोप असतो 'सगळं ठीक आहे' असा. रोज भुंकणारं कुत्रं रात्री भुंकलं नाही, तर आपण निर्धास्त झोपतो. ते आजारी पडलं असेल, हे मनात येत नाही.

त्यामुळे माझी माफी व्हिडिओ न टाकल्याबद्दलची नव्हतीच, निदान असायला नको होती. माझ्या न बोलण्यातून चुकीचा निरोप गेला होता, तो मागे घेणं हे पहिलं काम होतं. पोस्टमध्ये मी माझ्याबद्दल पाच वाक्यं लिहिली. कपाशीबद्दल एकही नाही.

इथे जुन्या वर्गणीदाराची आठवण येते. आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे. सत्यशोधक चळवळीतले मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालवत, ते बरीच दशकं या खेडेगावातून निघत होतं. १९१० साली त्यांनी ते हाती घेतलं आणि १९६७ साली ते वारले. शहरापासून दूर, एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या वृत्तपत्राचं महाराष्ट्रातलं हे फार मोठं उदाहरण आहे. अशा छापील साप्ताहिकाच्या वर्गणीदाराकडे एक गोष्ट असते, जी माझ्या वर्गणीदाराकडे नाही. त्याच्या अंकावर क्रमांक असतो. सोळाव्या अंकानंतर अठरावा हाती पडला की सतरावा कुठे गेला, हे विचारायला तो पोस्टात जातो किंवा संपादकाला कार्ड टाकतो. त्याला खंड दिसतो. शिवाय त्याने पैसे आगाऊ भरलेले असतात, त्यामुळे न आलेला अंक हे संपादकाच्या डोक्यावरचं देणं असतं आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

मोबाइलवर हा खंड दिसत नाही. माझा व्हिडिओ आला नाही म्हणून कुणाच्या पडद्यावर रिकामी जागा राहत नाही. तिथे दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ येतो, तोही कपाशीचाच असतो, फक्त तो अकोल्याचा किंवा गुजरातचा असतो आणि तिथला पाऊस वेगळा असतो. सबस्क्राइब करणाऱ्याला आपण काही चुकवलं हे जाणवतच नाही. म्हणूनच 'उशिराबद्दल क्षमस्व' हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. कसला उशीर, हे आधी त्याला सांगावं लागतं.

आणि पोस्टसुद्धा सगळ्यांना दिसत नाही. ज्याने घंटी दाबून सगळ्या सूचना चालू ठेवल्या आहेत, तो वेगळा. बाकीच्यांना ती त्यांच्या होम पानावर आली तर आली. त्याहून मोठी अडचण अशी, की शोध घेऊन येणारा माणूस पोस्टकडे येतच नाही. त्या महिन्यात 'बोंडअळी फवारणी' असं टाइप करणाऱ्याला माझा दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दिसत होता, आणि त्यात मी सांगितलेल्या तारखा त्या वर्षीच्या पावसाच्या होत्या. माफीच्या पोस्टमध्ये काय लिहिलं यापेक्षा त्या जुन्या व्हिडिओखालच्या माहितीत, पहिल्याच ओळीत, "या तारखा दोन वर्षांपूर्वीच्या आहेत, यंदा बोंडं फोडून ठरवा" असं लिहिणं जास्त उपयोगाचं होतं. ते काम मला पोस्टनंतर चार दिवसांनी सुचलं.

आजाराबद्दल किती सांगावं, यावर माझं आता पक्कं मत झालं आहे. नाव सांगावं, कालावधी सांगावा आणि थांबावं. 'प्रकृती अस्वास्थ्य' या शब्दांआड काहीही दडू शकतं. खेड्यात मग त्यावर चर्चा होते, कुणी कर्करोगापर्यंत पोचतं, कुणाला वाटतं काही भानगड झाली असेल. मला झाला होता चिकुनगुन्या. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतलं आहे. १९५२-५३ साली आजच्या टांझानियात या आजाराची जी साथ आली, तिच्यात सांधेदुखीने माणसं वाकून जात होती, तेच या शब्दात आहे. गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे पाऊस अतोनात झाला. नळाला पाणी रोज येत नसल्याने घरोघर पाण्याचे ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतातच. हा आजार पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. माझ्या आजाराचं नाव पोस्टमध्ये असतं, तर निदान काही घरांनी ड्रमवर फडकं बांधलं असतं. तापात डेंग्यू नाही हे रक्त तपासून कळेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नयेत, हेही सांगता आलं असतं. सलाईनच्या फोटोने यातलं काहीच सांगितलं नाही. त्याने फक्त काळजी मागितली, आणि ती भरभरून मिळाली, जिची मला त्या घडीला गरज नव्हती.

या आजाराची चाल समजून घेतली की पोस्टमधलं दुसरं चुकीचं वाक्य कुठून आलं ते कळतं. चिकुनगुन्यात ताप आठवड्याभरात उतरतो. ताप उतरला की अंगात हलकेपणा येतो, भूक लागते आणि आपण बरे झालो असं वाटतं. पण सांधे मागे राहतात. काहींचे काही आठवडे दुखतात, काहींचे कित्येक महिने. माझं दुखणं मनगटांत आणि बोटांत होतं. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं हात ठेवल्यावर चहाचा कप धरता येई. शेतात मोबाइल धरून दहा मिनिटं चित्रीकरण करायचं म्हणजे मनगट सरळ ठेवावं लागतं, आणि तिसऱ्या मिनिटाला हात थरथरायला लागे. पण दुपारी चारला, ऊन असताना, वेदना कमी होत आणि आता सगळं जमेल असं वाटे. ती पोस्ट मी दुपारी चारला लिहिली होती. "ठणठणीत" आणि "आठवड्यातून दोन" ही दोन्ही वचनं त्या चार वाजताच्या माणसाने दिली होती. सकाळी सातच्या माणसाला ती पाळायची होती.

माफी मागताना माणूस देणं फेडण्याची भाषा बोलतो. चार राहिले, तर आठ देतो. समोरच्याला ते बरं वाटेल असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला आठ नको असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन व्हिडिओ बघायला शेतकऱ्याला वेळ कुठे असतो? त्याला हवी असते पुढची एक खात्रीची तारीख. आणि आजारातून उठलेल्या माणसाने दुप्पट कामाचं वचन दिलं, की ते मोडण्याची वेळ येतेच. मग दुसरी माफी. पहिल्या माफीला लोक मान देतात, दुसरीला देत नाहीत.

उत्पन्नाची भीतीही या वचनाच्या मुळाशी असते, ते लपवत नाही. महिनाभर काही टाकलं नाही तर चॅनेल 'खाली जातो', असं आम्हा सगळ्यांच्या तोंडी असतं. यूट्यूबचा लिखित नियम पाहिला तर चॅनेलवर सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओही नाही आणि पोस्टही नाही असं झालं, तर जाहिरातींचं उत्पन्न बंद करण्याचा अधिकार ते राखून ठेवतात. सहा महिने आणि एक महिना यांत फार अंतर आहे. या भीतीने अंथरुणातून उठून काम करू नये. ज्यांच्या चॅनेलवर दरमहा पैसे भरणारे सभासद आहेत त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात. त्या महिन्यात सभासदांना कबूल केलेलं काही दिलं नसेल, तर तसं स्पष्ट लिहून, ज्याला थांबवायचं त्याला सभासदत्व थांबवण्याची वाट सांगणं हे कर्तव्य आहे. ते देणं 'दीनमित्र'च्या वर्गणीदाराच्या देण्यासारखंच खरं आहे. माझ्याकडे असे सभासद नाहीत, म्हणून मी त्यातून सुटलो.

फोन आल्याच्या संध्याकाळी मी पहिली पोस्ट काढून टाकली आणि वहीत चार रकाने आखले, प्रत्येक न आलेल्या शुक्रवारासाठी एक. १९ सप्टेंबरला सापळे आणि बोंडं फोडणं सांगायचं होतं. ते उशिराने का होईना, अजून लागू होतं, उलट जास्तच तातडीचं झालं होतं. २६ सप्टेंबरच्या सुमाराला, शेतात पाणी साचल्यावर कपाशी एकाएकी मान टाकते, त्या आकस्मिक मर रोगाबद्दल बोलायला हवं होतं. त्यात झाड सुकायला लागल्यापासून एक-दोन दिवसांतच पाणी काढून देऊन उपाय करावा लागतो. तो सल्ला मेला होता. आता सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. ३ ऑक्टोबरला रब्बीची पेरणी. ज्वारीची शिफारस केलेली वेळ १५ ऑक्टोबरला संपते आणि मी १५ तारखेलाच वही घेऊन बसलो होतो, म्हणजे तीही गेली. बागायती हरभऱ्याला मात्र २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर असा वेळ होता, बीजप्रक्रिया सांगायला भरपूर. १० ऑक्टोबरला पहिली वेचणी: दव उतरल्यावरच वेचा, भिजलेला कापूस कोरड्यात मिसळू नका. तेही चालू होतं.

असे रकाने भरताना मन शांत झालं. चारपैकी तीन विषयांत काही ना काही वाचवण्यासारखं होतं. एक आणि अर्धा गेला होता. 'महिनाभर' असा मोघम शब्द वापरला की अपराध डोंगराएवढा वाटतो आणि उपाय काहीच सुचत नाही. तारखा लिहिल्या की काय गेलं आणि काय राहिलं ते वेगळं होतं.

मग दुसरी पोस्ट लिहिली, या वेळी सकाळी:

"१९ आणि २६ सप्टेंबर, ३ आणि १० ऑक्टोबर या चार शुक्रवारी व्हिडिओ आले नाहीत. मला चिकुनगुन्या झाला होता. व्हिडिओ आले नाहीत म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतं, असं समजू नका. उद्या सकाळी एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन किंवा जास्त किडकी निघाली तर लगेच आपल्या कृषी सहायकांना दाखवा. बागायती हरभऱ्याला वेळ आहे. ज्वारीची वेळ निघून गेली. पाणी साचून सुकलेल्या कपाशीबद्दल वेळेवर सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं, त्याची माफी मागतो. पुढचा व्हिडिओ उद्या, १७ तारखेला. त्यानंतर नोव्हेंबर संपेपर्यंत पंधरा दिवसांनी एकच, कारण हात अजून धरत नाहीत."

यात 'माफी' हा शब्द एकदाच आहे आणि तो एका ठरावीक गोष्टीला लावलेला आहे. आजारी पडल्याबद्दल माफी मागायची नसते. माणूस आजारी पडतो. पण घरातल्या कुणाला दोन ओळी टाकायला सांगणं मला पहिल्या आठवड्यात जमलं असतं आणि मी ते केलं नाही, ही माझी चूक होती.

त्या दोन ओळी कोण टाकणार, हा प्रश्न बऱ्याच घरांत पासवर्डपाशी अडतो. आपल्याच जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या 'आपली आजी' या चॅनेलचं २०२० च्या ऑक्टोबरात हॅकिंग झालं. ती बातमी वाचल्यापासून मी पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही असं ठरवलं होतं, मुलीलासुद्धा. त्याची गरजही नसते. यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Permissions आहे. तिथून दुसऱ्याच्या ईमेलला ठरावीक अधिकार देता येतात, आपला पासवर्ड आपल्याकडेच राहतो. अमेरिकेतल्या 'फिजिक्स गर्ल' या विज्ञानाच्या चॅनेलच्या डायना काउर्न २०२२ मध्ये कोविडनंतर दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या. तेव्हा त्यांच्या जवळच्या माणसांनी प्रेक्षकांना वेळोवेळी खरी परिस्थिती सांगितली. त्या स्वतः बोलू शकत नव्हत्या, पण प्रेक्षकांना अंदाज बांधत बसावं लागलं नाही. लाखो प्रेक्षक असलेल्यांना हे करावं लागतं, तर आपल्यालाही करायला हरकत नाही. ताप भरल्यावर हे सुचत नाही. अधिकार आधी देऊन ठेवावे लागतात.

चापडगावच्या त्या काकांनी १७ तारखेच्या व्हिडिओनंतर बोंडं फोडली. वीसपैकी पाच किडकी निघाली. त्यातलं किती माझ्या न बोलण्यामुळे आणि किती पावसामुळे फवारणी लांबल्याने, याचा हिशोब त्यांनी मांडला नाही आणि मलाही तो मांडता येत नाही.

यंदाच्या खरिपापासून मी दर व्हिडिओला क्रमांक देतो. मुलीला चॅनेलवर पोस्ट टाकण्याचा अधिकार दिला आहे. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी मी नगरला रुग्णालयात सांधे दाखवायला गेलो होतो. त्या दिवशी तिने सकाळी नऊला लिहिलं: "क्रमांक अकरा आज नाही, पुढच्या शुक्रवारी येईल. कपाशीत पात्या लागल्या आहेत, सापळे लावून घ्या."

दहा वाजता काकांचा फोन आला. सापळे त्यांनी आदल्याच दिवशी लावले होते.